हे बातमीदार म्हणतोय की महापौर? जर्मन बातम्यांतला कोन्युंक्टिव ओळखायचा कसा आणि मराठीत आणायचा कसा

जर्मन वर्तमानपत्र वाचताना एक वाक्य हमखास भेटतं. त्यात ‘म्हणाले’ नसतं, ‘सांगितले’ नसतं, अवतरणचिन्हंही नसतात. तरीही जर्मन वाचकाला पक्कं कळतं की हे वाक्य वर्तमानपत्राचं नाही, दुसऱ्या कुणाचं तरी आहे आणि पेपर ते फक्त पोचवतोय. हे कळतं ते एका अक्षरामुळे. क्रियापदाच्या शेवटी ‘टी’ असायला हवा होता, तिथे ‘ई’ आलेला असतो.

मराठीत अनुवाद करताना हा ‘ई’ सगळ्यात आधी हरवतो. मी जर्मनमधून मराठीत आणायला सुरुवात केली तेव्हा माझ्याही हातून तो हरवत असे. एका मासिकासाठी केलेल्या अनुवादात कारखान्याच्या मालकाचा युक्तिवाद सलग चार वाक्यं चालला होता. ‘असे मालकांनी सांगितले’ हे मी पहिल्या वाक्यात लिहिलं आणि उरलेली तीन वाक्यं तशीच सोडली. छापण्याआधी संपादिका बाईंनी फोन करून विचारलं, “नदीचं पाणी स्वच्छ आहे, हे आपण म्हणतोय की ते म्हणतायत?” मूळ लेख उघडून पाहिला. चारही वाक्यांत क्रियापदं मालकाच्या तोंडची होती. मी मात्र तीन वाक्यांची साक्ष मासिकाच्या नावावर टाकली होती.

क्रियापदाच्या या रूपाला जर्मन व्याकरणात कोन्युंक्टिव आइन्स, म्हणजे पहिला कोन्युंक्टिव म्हणतात. त्याची कामं बरीच आहेत, पण बातम्यांत मुख्य काम एकच: दुसऱ्याचं बोलणं पोचवणं.

ओळखायची रीत व्याकरणाच्या पुस्तकात दिसते तितकी अवघड नाही. बातमीत जवळजवळ सगळं तृतीयपुरुषी चालतं, म्हणून तृतीयपुरुषी एकवचन येत असलं की बहुतेक काम भागतं. शब्दकोशात क्रियापद ज्या रूपात सापडतं त्याच्या शेवटचा ‘एन’ काढून टाकायचा, की हे रूप तयार. ‘ब्लायबेन’ म्हणजे राहणं. साधं वर्तमान ‘ब्लायप्ट’, पोचवलेलं ‘ब्लायबे’. ‘हाबेन’ म्हणजे जवळ असणं. साधं रूप ‘हाट’, स्पेलिंग एच-ए-टी. पोचवलेलं ‘हाबे’, एच-ए-बी-ई. ‘झाइन’ म्हणजे असणं. साधं ‘इस्ट’, आय-एस-टी, आणि पोचवलेलं ‘झाय’, एस-ई-आय. ‘वेर्डेन’चं साधं रूप ‘विर्ट’ आणि पोचवलेलं ‘वेर्डे’. ज्या क्रियापदांचा स्वर वर्तमानकाळात बदलतो त्यांचा स्वर इथे बदलत नाही, हीही एक खूण आहे. ‘गिप्ट’ म्हणजे देतो, पण पोचवताना ‘गेबे’. ‘कान’ म्हणजे शकतो, पण पोचवताना ‘क्योने’. ‘मुस’ म्हणजे करावंच लागतं, आणि त्याचं ‘म्युसे’.

सुरुवातीला एवढी चार नजरेत बसवा: झाय, हाबे, वेर्डे, क्योने. बातमीच्या परिच्छेदावरून बोट फिरवा आणि ही दिसली की पेन्सिलीने खूण करा. एका बातमीत खूण केलेली वाक्यं एकत्र वाचलीत तर ती सगळी कुणा एकाच्या, फार तर दोघांच्या तोंडची असल्याचं दिसेल. मग त्या माणसाचं नाव शोधायचं. ते बहुधा पहिल्या खुणेच्या आधीच्या किंवा त्याच वाक्यात असतं.

एक सावधगिरी आहे. हे रूप दिसलं म्हणजे दर वेळी कुणाचं बोलणंच असतं असं नाही. जुन्या धाटणीच्या पाककृतीत ‘मान नेमे’ असं येतं. त्याचा अर्थ ‘घ्यावे’, मैदा घ्यावा, लोणी घ्यावं. गणिताच्या पुस्तकात ‘झाय’ने वाक्य सुरू होतं, आपल्याकडे ‘समजा’ने होतं तसं. घोषणेत ‘चिरायू होवो’ या अर्थाने ‘एस लेबे’ येतं. पण बातमीच्या मजकुरात ही उदाहरणं इतकी विरळ असतात की त्यांची धास्ती घ्यायचं कारण नाही.

आता खरी पंचाईत. ही खूण एकवचनात स्वच्छ दिसते, अनेकवचनात बहुतेक क्रियापदांच्या बाबतीत दिसतच नाही. ‘ते म्हणतात’ या अर्थाचं साधं रूप आणि पोचवलेलं रूप दोन्ही ‘झागेन’. ‘त्यांच्याकडे आहे’ हेही दोन्हीकडे ‘हाबेन’च. ‘झाइन’ हे क्रियापद मात्र अनेकवचनातही वेगळं राहतं, ‘झिंट’च्या जागी ‘झायेन’ येतं. बाकीच्यांसाठी जर्मन लेखक शेजारच्या घरातून रूप उसनं आणतो. ते घर दुसऱ्या कोन्युंक्टिवचं. म्हणून ‘हाबेन’च्या जागी ‘हेटन’ येतं (एच, दोन टिंबांचा ए, दोन टी, ई, एन) आणि ‘वेर्डेन’च्या जागी ‘व्युर्डन’.

अडचण अशी की या दुसऱ्या कोन्युंक्टिवचं स्वतःचंही एक काम आहे, आणि आपल्याला शाळेत किंवा क्लासमध्ये आधी तेच शिकवतात. ‘पाऊस पडला असता तर पीक आलं असतं’ यातल्या ‘असतं’चं काम. म्हणून ‘हेटन’ दिसलं की हात आपोआप ‘असते’ लिहायला जातो. डी आनवोनर हेटन गेवार्न्ट, असं एक वाक्य घ्या. नवशिक्या अनुवादात ते येतं, ‘रहिवाशांनी इशारा दिला असता’. म्हणजे दिला नाही! मूळ वाक्य नेमकं उलट सांगत असतं, ‘रहिवाशांनी इशारा दिला होता’, आणि हे कुणीतरी सांगितल्याचं त्या ‘हेटन’मध्ये आहे. एका ‘असता’ने इशारा देणारे रहिवासी इशारा न देणारे होऊन बसतात. मी विद्यार्थ्यांच्या वह्यांत सगळ्यात जास्त वेळा लाल शाई वापरली ती याच ठिकाणी.

ओळखायची कसोटी अशी. ‘हेटन’ किंवा ‘व्युर्डन’ दिसलं की आधी कर्ता पाहा. तो अनेकवचनी असेल, आसपास कुणी बोलत असेल आणि ‘वेन’, म्हणजे ‘जर’, कुठेही नसेल, तर ते उसनं आणलेलं रूप आहे आणि मराठीत साधा भूतकाळ किंवा भविष्यकाळ लिहायचा. कर्ता एकवचनी असेल तर जरा थांबा. तिथे ‘हाबे’ सहज उपलब्ध होतं, मग लेखकाने ‘हेटे’ का घेतलं? एक शक्यता अशी की बोलणाऱ्यानेच ‘असतं’च्या भाषेत बोललं होतं, आणि तसं असेल तर ‘असता’ खरंच हवं. दुसरी शक्यता, लेखकाला ते पटलेलं नाही आणि त्याला अंतर ठेवायचं आहे. तिसरी, लेखक बोलीच्या सवयीने लिहून गेला. यातलं कुठलं, ते पुढची-मागची दोन वाक्यं वाचल्याशिवाय ठरवू नये.

मी वर ‘पटलेलं नाही’ म्हटलं, त्यावरून एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. पहिला कोन्युंक्टिव अविश्वास दाखवत नाही. ‘हे माझं नाही, त्याचं आहे’ एवढंच तो सांगतो. खरं की खोटं, यावर तो गप्प असतो. पोस्टमन पत्र देतो, आतल्या मजकुराबद्दल बोलत नाही, तसं.

म्हणूनच मराठीतलं ‘म्हणे’ इथे चालत नाही. हे मी जड मनाने लिहितोय, कारण ‘म्हणे’ हा शब्द मला फार आवडतो. एका वाक्यात कुठेही टाका, ते वाक्य ऐकीव होऊन जातं. ‘उद्या सुट्टी आहे म्हणे.’ रूपाच्या दृष्टीने जर्मन ‘ई’च्या सगळ्यात जवळ जाणारी मराठीतली गोष्ट हीच. पण ‘म्हणे’मध्ये दोन गोष्टी जास्तीच्या आहेत. कोण म्हणालं ते धूसर राहतं, आणि बऱ्याचदा आवाजात ‘कोण जाणे खरं की खोटं’ असा सूर येतो. ‘महापौर म्हणे पुलाला धोका नाही म्हणतात’ असं लिहिलं की वाचक हसतो. जर्मन वाचक त्या वाक्याला हसला नव्हता.

मग मराठीत काय वापरायचं? इथे एक आनंदाची बाब सांगतो. या कामात मराठी ही जर्मनची इंग्रजीपेक्षा जवळची सोबतीण आहे. कारण काळ. मूळ बोलणाऱ्याने ‘पूल सुरक्षित आहे’ म्हटलं असेल तर इंग्रजी बातमी ते पोचवताना ‘आहे’चं ‘होता’ करून टाकते, तिथली रीतच तशी. जर्मन तसं करत नाही. ‘झाय’ म्हणजे बोलणाऱ्याच्या त्या क्षणीचं ‘आहे’. मराठीही तसंच करते: ‘पूल सुरक्षित आहे, असे त्या म्हणाल्या.’ बोलणं कालचं, तरी ‘आहे’ला हात लावायची गरज नाही. म्हणून जर्मनमधून सरळ मराठीत येणारा इथे चुकत नाही. चुकतो तो मनातल्या मनात इंग्रजीमार्गे येणारा. त्याच्या हातून ‘पूल सुरक्षित होता, असे त्या म्हणाल्या’ असं उतरतं, आणि वाचकाला वाटतं आता तो सुरक्षित राहिलेला नाही.

काळ ओळखायला तीनच साचे पुरतात. नुसतं ‘झाय’ किंवा नुसतं ‘ब्लायबे’ म्हणजे आहे, राहतो. ‘हाबे’ किंवा ‘झाय’ आणि वाक्याच्या शेवटी भूतकाळाचं धातुसाधित आलं, म्हणजे केलं, आला. ‘वेर्डे’ आणि शेवटी मूळ क्रियापद, म्हणजे करेल, येईल. दुसऱ्या साच्यात थोडं सांभाळायचं, कारण ‘झाय’ दोन्हीकडे येतं. ‘झाय गेश्पेर्ट’ म्हणजे पूल बंद आहे, ही स्थिती. ‘झाय गेश्पेर्ट वोर्डन’ म्हणजे पूल बंद करण्यात आला, ही घटना. वाक्याच्या अगदी टोकाला ‘वोर्डन’ आहे का, ते पाहिल्याशिवाय ‘झाय’चं मराठी लिहू नये. जर्मन वाक्य शेवटपर्यंत वाचावंच लागतं आणि मराठीही क्रियापद शेवटीच ठेवते, म्हणून आपल्याला त्याचा कंटाळा यायचं कारण नाही.

आता एक बातमी पूर्ण करून पाहू. ही मी उदाहरणासाठी रचली आहे, पण जर्मनीतल्या कुठल्याही गावच्या पेपरात अशी बातमी येत असते.

एका गावातला नदीवरचा पूल बंद झालाय. पहिलं वाक्य: पूल शुक्रवारपर्यंत बंद राहील. क्रियापद ‘ब्लायप्ट’, साधं. दुसरं वाक्य: नगरपालिकेने सोमवारी हे कळवलं. तिसऱ्यात एका तज्ज्ञाला दोन खांबांना भेगा दिसल्याचं येतं, आणि क्रियापद आहे ‘हाबे एंटडेक्ट’. चौथं: पादचाऱ्यांना धोका नाही, असं महापौर बाई म्हणाल्या. इथे ‘बेश्टेट’ नाही, ‘बेश्टेहे’ आहे. पाचवं: खर्च अजून स्पष्ट नाही, ‘झायेन’. सहावं: पुढच्या आठवड्यात ‘झी’, म्हणजे ती, परिषदेपुढे आकडे ठेवेल, ‘वेर्डे’. सातवं: रहिवाशांनी महिनोन्‌महिने इशारे दिले होते, असं मात्र एका नगरसेवकाचं म्हणणं, ‘हेटन गेवार्न्ट’. आठवं: पोलिसांच्या माहितीनुसार सकाळी वाहनांच्या लांब रांगा लागल्या, आणि क्रियापद चक्क साधं. नववं: या पुलावरून रोज सुमारे 9,000 गाड्या जातात, हेही साधं.

पेन्सिलीने खुणा केल्या की बातमीचे थर दिसायला लागतात. पहिलं, दुसरं आणि नववं वाक्य पेपरचं स्वतःचं आहे, त्याची जबाबदारी बातमीदाराची. तिसरं पालिकेचं. चौथं, पाचवं, सहावं तिन्ही महापौरांचं, जरी ‘म्हणाल्या’ फक्त चौथ्यात असलं तरी. सातवं नगरसेवकाचं. आठव्याकडे नंतर येतो.

घाईत केलेला अनुवाद असा दिसतो: ‘एका तज्ज्ञाने दोन खांबांमधील भेगा शोधून काढल्या आहेत. पादचाऱ्यांना धोका नाही, असे महापौरांनी सांगितले. खर्च अजून स्पष्ट नाही. पुढच्या आठवड्यात त्या परिषदेसमोर आकडे मांडतील.’ मराठी म्हणून यात काही खटकत नाही, आणि म्हणूनच ही चूक पकडता येत नाही. पण आता भेगा पेपरच्या झाल्या. खर्च स्पष्ट नाही, हा पेपरचा निष्कर्ष झाला. महापौरांचं आश्वासन पेपरने वर्तवलेलं भविष्य झालं. पुढच्या आठवड्यात आकडे आले नाहीत, तर मूळ बातमी खरीच राहते आणि आपला अनुवाद खोटा पडतो.

नीट केलेला अनुवाद असा होईल: ‘पुलाच्या दोन खांबांना भेगा पडल्याचे एका तज्ज्ञाला आढळले, असे पालिकेने कळवले आहे. पादचाऱ्यांना कोणताही धोका नाही, असे महापौर म्हणाल्या. खर्च अजून स्पष्ट झालेला नाही; मात्र पुढच्या आठवड्यात आपण परिषदेपुढे आकडे ठेवू, असेही त्यांनी सांगितले. रहिवासी कित्येक महिने इशारे देत होते, असे एका नगरसेवकाचे म्हणणे आहे.’

यात दोन छोट्या शब्दांनी मोठं काम केलंय. एक ‘असेही’. जर्मनमध्ये पाचव्या आणि सहाव्या वाक्याला वेगळं ‘म्हणाल्या’ लागत नाही, ते काम ‘ई’ करतो. मराठीत क्रियापदावर तशी खूण नाही, म्हणून दोन वाक्यं अर्धविरामाने बांधून शेवटी एकच ‘असेही त्यांनी सांगितले’ टाकलं. दर वाक्याला ‘असे त्या म्हणाल्या’ जोडत गेलं तर अनुवाद हातोडीसारखा ठकठक वाजतो. दोन-तीन वाक्यांमागे एक खूण पुरते, पण ती शेवटी हवी, म्हणजे मागची सगळी वाक्यं तिच्या कवेत येतात. बोलणं आणखी लांब असेल तर सुरुवातच ‘महापौरांच्या म्हणण्यानुसार’ अशी करावी आणि शेवटी पुन्हा एक ‘असे’ टाकावा.

दुसरा शब्द ‘आपण’. जर्मन बातमीत बोलणाऱ्याचा ‘मी’ बदलून ‘तो’ किंवा ‘ती’ होतो. मराठीत ‘ती’ किंवा ‘त्या’ लिहिलं की घोळ होऊ शकतो: त्या म्हणजे महापौर की आणखी कुणी? मराठी पत्रकारितेने यासाठी फार पूर्वीपासून ‘आपण’ राखून ठेवलाय. ‘आपण राजीनामा देणार नाही, असे मंत्र्यांनी सांगितले’ यात राजीनामा कुणाचा, याबद्दल शंका उरत नाही. जर्मन बातमीत पोचवलेल्या वाक्याचा ‘एर’ किंवा ‘झी’ हा बोलणाऱ्यालाच लागू होत असेल, तर मराठीत डोळे मिटून ‘आपण’ लिहावं. जर्मनमध्ये दोन पुरुष एकाच वाक्यात असले की ‘एर’ कोण, हे वाचकाला संदर्भावरून ठरवावं लागतं. मराठीत ते शब्दानेच ठरतं.

कधी कधी बोलणं हे विधान नसून विनंती किंवा आज्ञा असते. तिथे जर्मनमध्ये ‘झोले’ येतं, विनंती मऊ असेल तर ‘म्योगे’. याला मराठीत ‘-वे’ची रूपं नेमकी बसतात. नागरिकांनी घरातच थांबावे, असे पोलिसांनी सांगितले. ‘थांबले पाहिजे’ असं लिहिलं की पोलिसांचं सांगणं पेपरचा उपदेश होऊन बसतं.

आता आठव्या वाक्याकडे. ‘लाउट पोलिझाय’ म्हणजे पोलिसांच्या माहितीनुसार. बोलणं पोलिसांचं, तरी क्रियापद साधं, ते का? कारण ‘लाउट’ने स्रोत आधीच सांगून टाकला, आता क्रियापदाने तेच पुन्हा सांगायची गरज नाही. नामानंतर लागणारं ‘त्सुफोल्गे’ही तसंच. म्हणून खुणा करताना फक्त ‘ई’ शोधू नका, हे शब्दही शोधा. मराठीत ‘-नुसार’ आलं की त्याच वाक्यात पुढे पुन्हा ‘असे सांगण्यात आले’ जोडू नये, स्रोत दोनदा होतो. ही दुहेरी जोडणी आपल्या बातम्यांत बरीच दिसते.

क्रियापद साधं दिसतं पण बोलणं ऐकीव असतं, अशी आणखी दोन रूपं आहेत. ‘झोल’ आणि ‘विल’. पहिल्याचा ठरीव अर्थ ‘पाहिजे’, दुसऱ्याचा ‘इच्छा आहे’. पण शेवटी भूतकाळाचं धातुसाधित आणि ‘हाबेन’ आलं की अर्थ पालटतो. ‘त्या माणसाने तीन सायकली चोरल्या पाहिजेत’ असं भाषांतर मी खरंच वाचलंय. मूळ वाक्य होतं, त्याने तीन सायकली चोरल्याचा संशय आहे. इथे बोलणारा कोण ते सांगितलेलं नसतं, म्हणून ‘संशय आहे’, ‘असे सांगण्यात येते’, ‘असे समजते’ यातलं जे बातमीला शोभेल ते घ्यावं. गुन्ह्याच्या बातमीत ‘संशय’ किंवा ‘आरोप’च हवा, कारण न्यायालयाने अजून काहीच ठरवलेलं नसतं. ‘विल’मध्ये मात्र बोलणारा तोच असतो आणि लेखकाची भुवई वर गेलेली असते. ‘विल निश्ट्स गेवुस्ट हाबेन’ म्हणजे आपल्याला काहीच माहीत नव्हतं, असा त्याचा दावा आहे. ‘दावा’ हा शब्द इथे चपखल बसतो.

आणि तो फक्त इथेच बसावा, असं माझं मत आहे. मराठी बातम्यांत ‘म्हणाले’ कंटाळवाणं वाटतं म्हणून आलटून पालटून ‘दावा केला’, ‘स्पष्ट केले’, ‘उघड केले’, ‘कबूल केले’ टाकायची सवय आहे. पण हे शब्द सारखे नाहीत. ‘दावा’ म्हटलं की शंका आली. ‘उघड केले’, ‘निदर्शनास आणले’, ‘कबूल केले’ म्हटलं की गोष्ट खरी आहे हे आपण मान्य करून टाकलं. जर्मन लेखकाने ‘झाग्टे’ म्हणजे ‘म्हणाला’ लिहिलं असेल आणि पुढे ‘झाय’ वापरला असेल, तर त्याने दोन्ही बाजूंना काही टाकलेलं नाही. त्याचा तराजू मधोमध आहे. आपण ‘कबूल केले’ लिहून एका पारड्यात वजन ठेवू नये. त्यानेच ‘बेहाउप्टेटे’ लिहिलं असेल तर ‘दावा केला’ आणि ‘रॉइम्टे आइन’ लिहिलं असेल तर ‘मान्य केले’, हे खुशाल लिहावं. शब्द त्याचा आहे.

बोलणाऱ्याची खूण गळून पडली तर काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण जर्मनीच्या संसदेतलं आहे. 10 नोव्हेंबर 1988 रोजी, ज्यूंवरच्या 1938 च्या हल्ल्यांना 50 वर्षं झाली म्हणून, बॉनमध्ये संसदेचे अध्यक्ष फिलिप येनिंगर यांनी भाषण केलं. त्या काळच्या सामान्य जर्मन माणसाच्या मनात काय चाललं होतं, ते त्यांनी त्या माणसाच्याच तोंडचे प्रश्न विचारत मांडायचा प्रयत्न केला. पण ‘त्यांना असं वाटे’ हे पुरेसं वेगळं काढून दाखवलं नाही. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना ते विचार येनिंगर यांचेच वाटले. काही सदस्य उठून निघून गेले, आणि दुसऱ्याच दिवशी येनिंगर यांनी पद सोडलं. सगळा दोष व्याकरणाचा नव्हता, प्रसंग आणि वाचण्याची पद्धत यांचाही वाटा होता. पण कुणाचं वाक्य कुणाच्या खात्यावर पडतं, हे किती नाजूक आहे ते या प्रसंगात दिसतं.

लिखित बातमीत सगळ्यात नाजूक जागा मथळ्याची. तिथे ना ‘झाय’ असतो ना ‘असे त्या म्हणाल्या’. जर्मन पेपर बहुधा आधी नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबं आणि मग म्हणणं लिहितात. मराठीत हेच उलट्या क्रमाने रुळलंय: ‘पादचाऱ्यांना धोका नाही : महापौर’. हा मथळा मूळच्या जागी तसाच बसतो. ‘पूल सुरक्षित, महापौरांचा दावा’ असं लिहिलं की आतल्या बातमीत जी शंका नाही ती मथळ्यात येते. नुसतं ‘पादचाऱ्यांना धोका नाही’ लिहिलं की भेगांवरून चालणाऱ्या माणसाला आपणच हमी दिली. दोन टिंबं आणि ‘महापौर’ हा शब्द, एवढी जागा मथळ्यात नेहमी निघते.